माळेतला गेलेला बल्ब शोधायचा कसा? अर्धी पेटते, अर्धी अंधारात

खानापूरचा_पाऊस
मंडळी नमस्कार, एक बारका प्रश्न हाय पण डोकं खाऊन टाकलंय. घरात एक जुनी लायटिंगची माळ हाय, एलईडी नव्हे, त्या आधीची, तांदळाएवढे बारके काचेचे बल्ब असतात बघा ती. एकूण ८० बल्ब. गणपतीला काढली तर पहिले ४० झकास पेटालेत आणि पुढचे ४० ठार बंद. शेवटपर्यंत एक पण मिणमिणत नाही. बल्ब होल्डरमधले नाहीत, पायांना वायरचा डाग दिलेला आणि वरून प्लास्टिकची नळी सरकवलेली, त्यामुळे एकेक काढून बघायचं म्हटलं तर सगळी माळच कापायला लागेल. घरात साधा डिजिटल मल्टिमीटर हाय, टेस्टर हाय, सोल्डरिंग गन भावाकडून आणतो. चाळीसातला नेमका गेलेला शोधायचा कसा? आणि एक, प्रत्येक बल्ब ६ व्होल्टचा म्हणतात, म्हणजे चालू ठेवून हात लावून बघितलं तर चालतंय का? सहा व्होल्टनं काय होणार.

गोकाकचा_करदंट
गणपत गल्लीत जावा, नवीन माळ घ्या, येताना भजी खावा. प्रश्न मिटला.

मीटरमास्तर_शहापूर
थांबा थांबा. बल्बचं नंतर, आधी तुमचं शेवटचं वाक्य. चालू माळेला हात लावू नका आणि बंद पडलेल्या माळेला तर त्याहून लावू नका.

६ व्होल्ट कधी असतात, माळ पेटलेली असते तेव्हा. २३० व्होल्ट चाळीस जणांत वाटून घेतात म्हणून एकेकाच्या वाट्याला पावणेसहा येतात, आणि तेवढेच त्या एका बल्बच्या दोन पायांमध्ये असतात. जमिनीवर उभं राहून हात लावाल तर पहिल्या बल्बजवळ २०० च्या वर असतात, तो हिशोब पेटलेल्या माळेला पण लागू हाय. आता एक बल्ब तुटला. करंट थांबला. करंट थांबला म्हणजे बाकीच्या ३९ जणांवर एक व्होल्ट पण पडत नाही, मग २३० गेले कुठं? सगळेच्या सगळे त्या तुटलेल्या जागेवर येऊन बसलेत. तुम्ही तो बल्ब कापून दोन हातात दोन टोकं धरली की तुम्ही चाळिसावा बल्ब झालात. आणि बाकीचे बल्ब तुम्हाला वाचवत नाहीत, चाळीस मिळून थंड असताना चार-पाचशे ओमसुद्धा भरत नाहीत, माणसाच्या अंगापुढं ते काहीच नव्हे.

म्हणून टॉप बोर्डातून काढायचा. बटन बंद करून चालत नाही, काढून हातात घ्यायचा. जुन्या घरात बटन फेजऐवजी न्यूट्रलवर लावलेलं मी कितीतरी ठिकाणी बघितलंय, तिथं बटन बंद असलं तरी माळेत फेज उभाच असतो. टॉप आपल्या खिशात असला की वाद नाही.

पुढचं जेवून सांगतो.

येळ्ळूर_बासमती
काका मोटर वायंडिंग करायचे, त्यांचं ऐका. करंट हाणला की मग कळतंय सहा व्होल्ट म्हणजे काय ते.

निपाणीकर७१
एवढं घाबरवू नका लोकांना. आमच्याकडं ईएलसीबी बसवलाय, ३० मिलिअँपचा. काय झालंच तर टकन पडतो. आणि शोधायला सोपी युक्ती सांगतो, माळ चालू ठेवायची, टेस्टर घेऊन एकेका बल्बच्या पायाला लावत जायचं. जिथपर्यंत टेस्टर पेटतोय तिथपर्यंत ठीक, जिथं विझला तो बल्ब गेला. दोन मिनिटांचं काम, ओमबिम काय नको.

मीटरमास्तर_शहापूर
निपाणीकर, तुमची युक्ती अर्धी बरोबर हाय. तुटलेल्या जागेपर्यंत फेज येतो आणि पुढं नसतो हे खरंच. पण दोन ठिकाणी फसते.

एक म्हणजे टू-पिन टॉप उलटा-सुलटा कसाही बसतो. आज फेज पहिल्या बल्बकडून आला, उद्या टॉप फिरवून लावला की शेवटच्या बल्बकडून. तुम्ही समजता तुटकं पुढं हाय, असतं मागं. हे एकवेळ टॉप फिरवून तपासता येतंय.

दुसरं म्हणजे साध्या टेस्टरला उघडं तांबं लागतं. म्हणजे चालू माळेतल्या नळ्या सरकवत सरकवत जायचं, एकेका बल्बपाशी उघड्या पायाशी बोटं नेत. पाय एकमेकांपासून दोन मिलिमीटरवर. सण असतो, घाई असते, घरात पोरं असतात. नको.

आणि ईएलसीबी. तो काय बघतो, गेलेला करंट आणि परत आलेला करंट सारखा हाय का. तुमच्या अंगातून जमिनीत गेला तर फरक पडतो, तो पडतो, जीव वाचतो. पण दोन हातात दोन टोकं धरली तर करंट एका हातातून येऊन दुसऱ्या हातातून वायरीत परत गेला. त्याच्या हिशोबाला सगळं बरोबर. तो गप्प बसतो. ईएलसीबी असावाच, पण माळेच्या तुटलेल्या जागी त्याच्या भरवशावर राहू नये.

निपाणीकर७१
दोन हाताचं ध्यानात नव्हतं आलं. पण टेस्टरनं मी केलंय आणि अजून जिवंत हाय 😄

टिळकवाडीच्या_वहिनी
जिवंत आहेत तेच सांगायला येतात हो भावजी.

चिकोडी_एक्सप्रेस
माझी पण माळ बंद हाय पण ती एलईडीची, रिमोट वाली, ८ मोड. मधला हिरवा पट्टा पेटत नाही बाकी पेटतो. त्याचं पण सांगा की.

मीटरमास्तर_शहापूर
चिकोडी, तुमचं नंतर बघू, ते वेगळं प्रकरण हाय.

खानापूर, आता तुमचं. ८० मधले ४० पेटतात म्हणजे माळेत दोन भाग हाईत, प्रत्येकी चाळीस बल्ब सिरीजमध्ये, आणि ते दोन भाग एकमेकांना पॅरलल, दोघांनाही पूर्ण २३० मिळतंय. माळेत बघा, काही ठिकाणी दोन वायरी दिसतील आणि काही ठिकाणी तीन. ती जादाची वायर म्हणजे लांबच्या भागाला टॉपशी जोडणारी.

आधी डोळ्यानं बघा, मीटर नंतर. बल्ब आतून पांढरट दुधाळ झाला असेल तर काचेला तडा जाऊन आत हवा गेलीय, तो शंभर टक्के गेलेला. काळा पडलेला पण संशयित. मग प्रत्येक नळीजवळ हलकं ओढून बघा, पाय गंजून सुटला असेल तर हातात येईल. यात सापडला तर मीटर लागतच नाही.

नाहीच सापडला तर मीटर ओमवर लावा, २००० च्या रेंजला. बीप वाल्या रेंजला लावू नका, बीप फार कमी ओमला वाजतो, चांगली माळ पण त्याला तुटलेलीच वाटते. मग सगळी वायर बंद पडलीय असं समजून लोक माळ टाकून देतात.

एक कांडी टॉपच्या पिनेला क्लिपनं लावून ठेवा. दुसरी कांडी बंद भागाच्या बरोबर मध्ये, म्हणजे विसाव्या बल्बनंतरची नळी थोडी सरकवून डागाला लावा. सुई टोचू नका, भोक राहतं. दोन्ही पिनांना लावून काय रीडिंग येतंय ते इथं लिहा. चाळीस बल्ब एकेक बघायचे नाहीत, अर्धे अर्धे करत जायचं.

बेळगावी_कुंदा_फॅन
अर्धे अर्धे म्हणजे २०, १०, ५... पाच-सहा वेळा मीटर लावलं की झालं. भारी हाय हे.

गोकाकचा_करदंट
तोपर्यंत दुकानातली माळ आणून लावून आरती पण झाली असती.

टिळकवाडीच्या_वहिनी
करदंट, दुकानातल्या नवीन माळेचा रंग बघितलास का? निळा-पांढरा, डोळ्यात घुसणारा. मखरात मूर्तीच्या तोंडावर तो उजेड पडला की मूर्ती आजारी दिसते. हे जुने बल्ब पिवळे, उबदार. मी सुद्धा दोन माळा सांभाळून ठेवल्यात, वर्षातून दोनदाच काढते. खानापूरचे भाऊ, तुम्ही दुरुस्त करा.

खानापूरचा_पाऊस
काका केलं. टॉप काढून, खिशात ठेवता आला नाही कारण पिनेला क्लिप लावायची होती 😅 पण बोर्डापासून लांब पडवीत बसलो.

डोळ्याला काय दिसलं नाही, सगळे बल्ब चांगले दिसतात. मीटर लावलं तर गोंधळ झालाय. टॉपच्या दोन पिनांमध्ये लावलं तर ३८० ओम दाखवालंय, म्हणजे माळ तुटलेलीच नाही असं म्हणालंय. मग तुम्ही सांगितलं तसं विसाव्या बल्बनंतर लावलं, एका पिनेपासून १९० आणि दुसऱ्या पिनेपासून ५७०. दोन्हीकडून रीडिंग येतंय! तुटलं असतं तर एकीकडून काहीच यायला नको होतं ना, डावीकडं १ येऊन बसायला पाहिजे होतं? मीटर खराब हाय काय?

निपाणीकर७१
मीटर गेलंय. बॅटरी बदला.

मीटरमास्तर_शहापूर
मीटर झकास हाय, आणि तुमची रीडिंग तर इतकी सुंदर आलीयत की ह्याच्यावरून अर्धा शोध झाला.

बघा, चालू असलेला भाग अजून टॉपलाच जोडलेला हाय. पिनेपासून पिनेपर्यंत मीटरनं बघितलं तर त्याला चांगल्या भागातून रस्ता मिळाला, चाळीस बल्बचे ३८०. म्हणजे एक बल्ब थंड असताना साडेनऊ ओमच्या आसपास. पेटल्यावर तोच दहापट होतो, ते सोडा.

आता पहिल्या पिनेपासून विसाव्यापर्यंत १९०. वीस बल्ब गुणिले साडेनऊ, बरोबर १९०. म्हणजे सरळ रस्ता, ते वीसच्या वीस चांगले.

दुसऱ्या पिनेकडून पण वीसच बल्ब हाईत, तिकडून पण १९० यायला पाहिजे होते. आले ५७०. का? तिकडचा रस्ता तुटलाय, म्हणून मीटरचा करंट वळसा घालून आला, आधी चांगल्या भागातून ३८०, पहिल्या पिनेवर आला, तिथून त्या वीस चांगल्या बल्बमधून १९०. बेरीज ५७०. तुटकं २१ ते ४० च्या मध्ये हाय.

पहिल्याच पिनेवर क्लिप ठेवा. आता तिसाव्यानंतर लावा. जितके बल्ब मध्ये तितके साडेनऊ आले तर रस्ता सरळ. एकदम ४०० च्या वर गेलं तर वळसा, म्हणजे तुटकं मागं पडलं. वळसा नको असेल तर जिथं दोन भाग जोडलेत ती वायर सोडवून चांगला भाग वेगळा करता येतो, मग तुटलेल्या बाजूला मीटर नुसता १ दाखवेल. पण चांगला डाग कशाला सोडवायचा, हिशोबानं कळतंय.

बेळगावी_कुंदा_फॅन
हे मी दोनदा वाचलं तेव्हा कळलं. शाळेत सिरीज पॅरलल शिकवताना असलं काय तर सांगायला पाहिजे होतं, आम्हाला नुसती सूत्रं पाठ.

सीमाभागी
आमच्या चित्ररथाला दरवर्षी हीच मारामारी. शिवजयंतीला ट्रॅक्टरवर जनरेटर, त्यावर माळा, मिरवणूक रात्रभर, हादऱ्यानं डाग सुटतात. आमचा पोरगा एक बिनस्पर्शाचा टेस्टर घेऊन फिरतो, पेनासारखा, वायरच्या वरूनच टीं टीं वाजतो. उघडं तांबं लागत नाही. ते चालेल की मग? काका मीटरमध्ये कशाला अडकलेत?

मीटरमास्तर_शहापूर
ते पेन मला आवडतं, आणि निपाणीकरांच्या टेस्टरपेक्षा कितीतरी बरं. पण माळेत गडबड अशी की दोन-तीन वायरी एकमेकींना पीळ घालून चालतात. तुटक्या बल्बच्या पुढची वायर मेली तरी शेजारून फेजची दुसरी वायर जात असेल तर पेन तिच्यावर वाजत राहतं. बल्बला वेगळं लांब ओढून धरायला लागतं, आणि ते चालू माळेत करायचं. शिवाय तुटक्याच्या पुढचा तुकडा दोन्हीकडून लटकता असेल तर शेजारच्या फेजमुळं त्यावर पण खोटा इशारा येतो.

आणि तुमच्या जनरेटरवर तर मुळीच विश्वास ठेवू नका. बारक्या जनरेटरचा न्यूट्रल बऱ्याचदा जमिनीला जोडलेला नसतो, मग पेन दोन्ही वायरींवर अर्धवट वाजतं नाहीतर कुठंच वाजत नाही. वाजलं नाही म्हणजे बंद हाय असं धरून कुणी हात घालू नये.

सीमाभागी
मी मात्र पेनच वापरणार काका. मिरवणुकीत खाली बसून ओम मोजायला कुणाला वेळ हाय. वायर पसरून बघितली तर येतंय की बरोबर, आमचं निघतंय. हात लावायच्या आधी जनरेटरचा टॉप काढतो एवढं नक्की.

मीटरमास्तर_शहापूर
टॉप काढताय ना, मग माझं भांडण नाही. पद्धत तुमची तुम्हाला.

चिकोडी_एक्सप्रेस
माझा हिरवा पट्टा...

येळ्ळूर_बासमती
एलईडीचं मी सांगतो, मी करतो ते काम. त्यात मीटरनं अर्धे-अर्धे चालत नाही. एलईडी पेटायला एकेकाला दोन-तीन व्होल्ट लागतात, मीटरकडं तेवढेच असतात, एका एलईडीच्या पलीकडं ते बघूच शकत नाही, चांगली ओळ पण तुटलेलीच दाखवणार. म्हणून एकेक बघायला लागतं. गोल बटन सेल घ्यायचा ३ व्होल्टचा, वजनकाट्यात असतो तो, त्याच्या दोन बाजूंना दोन टाचण्या, माळ बोर्डातून काढून एलईडीच्या दोन पायांना लावायचं. पेटला नाही तर उलटं लावून बघायचं, एलईडीला सरळ-उलटं असतंय. दोन्हीकडून नाही पेटला तर तो गेला. ९ व्होल्टची बॅटरी थेट लावू नका, चांगला एलईडी पण जळतो.

पण हिरवे सगळे एकदम गेलेत म्हणजे तुमच्यात हिरव्याची ओळ एकाच सिरीजमध्ये असेल, किंवा डब्यातला त्या ओळीचा पार्ट गेला असेल. आधी सगळे हिरवे तपासा. सगळे चांगले निघाले तर डबा.

चिकोडी_एक्सप्रेस
सगळे हिरवे म्हणजे किती मोजू बे 🙏 रात्री बघतो.

खानापूरचा_पाऊस
काका सापडला!!

तिसाव्यानंतर २८५, सरळ. पस्तिसाव्यानंतर ४३० च्या आसपास, म्हणजे वळसा. मग बत्तिसाव्यानंतर ३०५, सरळ. तेहतिसाव्यानंतर ४४५. म्हणजे ३३ नंबर. दोन बाजूच्या नळ्या सरकवून तेवढ्या एकाच बल्बवर मीटर लावलं तर साडेनऊ नाही, आठशेच्या आसपास. हे काय आता? तुटलाय तर १ पाहिजे होतं ना... थांबा, तो पण वळसाच. ३८० आणि उरलेले ३९ बल्ब, ३७० च्या आसपास. बेरीज साडेसातशे, मीटरच्या कांड्या गंजलेल्या डागावर नीट बसत नव्हत्या म्हणून थोडं जास्त.

कापून काढला तर एक पाय काचेच्या बुडाशीच तुटलेला. बाहेरून अजिबात दिसत नव्हता.

आता प्रश्न दुसरा. बदली बल्ब नाही. तो काढून नुसती वायर जोडून टाकू काय? ३९ पेटतील की.

गोकाकचा_करदंट
३३ नंबर. मटक्याला लावा.

निपाणीकर७१
जोडून टाका, आम्ही तेच करतो. एकानं काय फरक पडतोय.

मीटरमास्तर_शहापूर
एकानं खरंच फार पडत नाही. २३० भागिले ३९ म्हणजे ५.९, बल्ब ६ चा, चालतंय. पण लोक एकावर थांबत नाहीत. पुढच्या वर्षी एक, त्याच्या पुढं एक. चाळीसातले दोन काढले की प्रत्येकावर पाच टक्के जादा आले, आणि फिलामेंटच्या बल्बला पाच टक्के जादा म्हणजे आयुष्य जवळजवळ अर्धं. मग बाकीचे पटापट जातात, तुम्ही अजून काढता, उरलेल्यांवर अजून येतं, आणि एका संध्याकाळी सगळी ओळ पांढरीशुभ्र चमकून संपते. एक काढला असेल तर माळेवर धागा बांधून खूण करा, म्हणजे पुढच्या वेळी कळेल की सूट संपलीय.

एलईडीत तर हे मुळीच करू नका, तिथं करंट आवरायला एक बारका रेझिस्टर असतो, चार एलईडी काढले की सगळा जादा भार त्याच्यावर.

बदली बल्ब जुन्या मेलेल्या माळेतून काढा, पण तसाच बसवू नका. सुटा बल्ब मीटरवर घालून बघा, तुमच्यासारखा नऊ-दहा ओम आला तर बसवा. तीन ओम आला तर तो जास्त करंटचा, मिणमिणेल, बाकी काय बिघडणार नाही. तीस ओम आला तर तो कमी करंटचा, सगळे व्होल्ट त्याच्याच वाट्याला जास्त येतील आणि लावल्या लावल्या जाईल.

टिळकवाडीच्या_वहिनी
माझ्या एका माळेत एक बल्ब असा आहे की तो चालू-बंद होतो आणि त्याच्याबरोबर सगळी माळ लुकलुकते. टोक लाल रंगवलेलं. तो कधी कधी विझला की परत लवकर पेटतच नाही. तो पण गेलेला समजायचा का?

मीटरमास्तर_शहापूर
वहिनी, बरं आठवलंत. त्यात आत एक पत्ती असते, गरम झाली की वाकून सांधा सोडते, थंड झाली की परत टेकते. म्हणजे तो बल्ब दर क्षणाला सगळी माळ तोडतो आणि जोडतो. पत्ती थकली की सोडते ती टेकतच नाही. थंड माळेत मीटरवर तो चांगला दाखवू शकतो आणि पेटल्यावर तुटतो, म्हणून फसवा. लुकलुकायचं नको असेल तर त्याच्या जागी साधा बल्ब टाका.

खानापूरचा_पाऊस
मेलेली माळ माळ्यावर सापडली. त्यातले पहिले दोन बल्ब तीन ओमचे निघाले, वेगळ्याच माळेचा तुकडा जोडलेला वाटतोय कुणीतरी. पुढचा ९.८. तोच घेतला.

डाग द्यायच्या आधी विचारतो, नळी नाही आता, जुनी तुटली. चिकटपट्टी गुंडाळू काय?

येळ्ळूर_बासमती
चिकटपट्टी नको. उन्हाळ्यात गोंद सुटतो आणि पावसात उघडी पडते. आवळणारी नळी मिळते, गरम केली की चिकटून बसते, खडेबाजारात कुठल्याही इलेक्ट्रिक दुकानात मागा. आणि नळी आधी वायरीत घालायची, मग डाग. सगळेजण डाग देतात आणि मग नळी हातात घेऊन बघत बसतात.

मीटरमास्तर_शहापूर
आणि बल्बच्या दोन पायांचे डाग शेजारी शेजारी देऊ नका, एक वर एक खाली असे पुढं-मागं ठेवा. दोन्ही उघडे समोरासमोर आले आणि नळी सरकली तर तिथं शॉर्ट होतो, बल्ब बाजूला पडतो आणि बाकीच्यांवर भार येतो. वायर सेंटिमीटरभर सोलून, पीळ देऊन मग डाग. गंजलेलं काळं तांबं खरवडून घ्या, नाहीतर डाग वरच्या वर बसतो आणि पुढच्या गणपतीला तुम्ही परत इथं.

झाल्यावर पहिल्यांदा थेट बोर्डात लावू नका. सिरीज बोर्ड असेल कुणाकडं, ६० चा बल्ब मध्ये असतो तो, त्यातून लावा. कुठं शॉर्ट राहिला असेल तर बोर्डाचा मोठा बल्ब भक्क पेटेल, माळ जळणार नाही. ठीक असेल तर माळ पेटेल आणि मोठा बल्ब जेमतेम लालसर.

सीमाभागी
आणि बाहेर पावसात लावणार असाल तर? आमच्याकडं ११ दिवस गणपती, त्यातले निम्मे पावसात.

मीटरमास्तर_शहापूर
असली डाग-नळीची माळ बाहेर नकोच. मखरात, घरात. बाहेर भिंतीला, झाडाला, लोखंडी ग्रीलला तर अजिबात नको. नळीत पाणी शिरलं की त्या जागी भिंत पण वायर होते.

टिळकवाडीच्या_वहिनी
आमच्या शेजारी ग्रीलला गुंडाळलेलीच असते दरवर्षी. सांगून ऐकत नाहीत.

निपाणीकर७१
वहिनी ग्रीलला हात लावून दाखवा त्यांना 😄 नको नको, मस्करी करालोय.

खानापूरचा_पाऊस
भावाकडून सिरीज बोर्ड नाही मिळाला, समोरच्या वायरमनकडनं आणला, त्यानं कन्नडमध्ये काय तरी म्हटलं, मला वाटतं "नवीन घे की" असंच म्हणाला असणार. लावली. मोठा बल्ब लालसर, माळ ८० च्या ८०. मग थेट लावली, तासभर ठेवून नवीन डागाजवळ उलटा हात धरून बघितला, म्हणजे टॉप काढून मग, गरम नव्हतं.

एकच वाटालंय, नवीन बसवलेला ३३ नंबरचा बल्ब बाकीच्यांपेक्षा किंचित जास्त उजळ दिसतोय. चालेल का?

मीटरमास्तर_शहापूर
९.८ आणि साडेनऊचा फरक असेल, किंवा तो कमी वापरलेला असेल, काच स्वच्छ. किंचित असेल तर राहू द्या. दोन-चार दिवसांत डोळ्याला खुपेल इतका उजळ झाला तर बदला, मेलेल्या माळेतले आणखी मोजून साडेनऊच्या खालचा एखादा काढून ठेवा.

चिकोडी_एक्सप्रेस
सगळे हिरवे तपासले. सगळे पेटालेत सेलवर. म्हणजे डबा? डबा उघडू काय?

येळ्ळूर_बासमती
टॉप काढलाय ना आधी? मग उघडा, आणि आतला फोटो टाका. हिरव्याची वायर प्लेटवरच सुटली असेल तर डाग देऊन निघेल, काळा डाग दिसला तर वेगळं बघू.

गोकाकचा_करदंट
चिकोडी, भजी खायला येतोस का गणपत गल्लीत? डबा पण तिथंच मिळतोय.